रिनोग्रामच्या दोन रेषा

सोनोग्राफीत एक किडनी फुगलेली दिसली की डॉक्टर बऱ्याचदा डीटीपीए किंवा ईसी स्कॅन करायला सांगतात. किडनी फुगली आहे एवढे सोनोग्राफीत दिसते. पण लघवी खरोखर अडली आहे का, हे त्यावरून ठरत नाही. या स्कॅनमध्ये शिरेतून किरणोत्सर्गी टेक्नेशियम असलेले औषध अगदी थोडे देतात. पाठीमागचा कॅमेरा दोन्ही किडन्यांत ते किती जमले आणि किती निघून गेले, हे मोजत राहतो. त्या मोजमापाचा आलेख म्हणजे रिनोग्राम.

समजा, एका पेशंटची डावी किडनी फुगली आहे. त्याच्या उजव्या किडनीची रेषा झपाट्याने चढते, चौथ्या मिनिटाला शिखर गाठते आणि मग उतरते. हे नॉर्मल. डावी रेषा मात्र विसाव्या मिनिटापर्यंत चढतच राहते.

कोणती किडनी किती काम करते, हे मात्र आलेखाच्या सुरुवातीलाच ठरते. दुसऱ्या ते तिसऱ्या मिनिटात औषध किडनीने उचललेले असते, पण अजून खाली उतरलेले नसते. आजूबाजूच्या अवयवांतली मोजणी वजा करून डावीची ४२ हजार आणि उजवीची ५८ हजार आली, तर वाटा ४२ आणि ५८ टक्के. साधारण ४५ ते ५५ टक्के नॉर्मल मानतात, म्हणजे डावी थोडी मागे आहे. पण हा नुसता वाटा आहे. दोन्ही किडन्या सारख्याच खराब असल्या तरी आकडा ५०-५० येतो, म्हणून सोबत क्रिएटिनिन पाहावेच लागते.

आता निचरा. विसाव्या मिनिटाला लॅसिक्सचे इंजेक्शन देतात. त्याने लघवी वाढते. त्यानंतर साठा निम्मा व्हायला दहा मिनिटांपेक्षा कमी लागली तर अडथळा नाही, वीसपेक्षा जास्त लागली तर अडथळ्याचा संशय, मधले संदिग्ध. आपल्या पेशंटच्या डाव्या किडनीत लॅसिक्सनंतर वीस मिनिटांनीही ७० टक्के साठा उरला. मग ऑपरेशन?

एवढ्यावर नाही. पेशंट आडवा आहे, मूत्राशय भरलेले आहे आणि फुगलेली किडनी सावकाशच रिकामी होते. त्याला लघवी करायला लावून, थोडा वेळ उभे ठेवून पुन्हा फोटो घेतला आणि साठा बराचसा गेला, तर अडथळ्याची शक्यता खूप कमी होते. तसाच राहिला, तर संशय बळावतो. किडनी फारच अशक्त असेल तर लॅसिक्सलाही ती दाद देत नाही. तेव्हा निचऱ्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

स्कॅनला जाताना भरपूर पाणी प्या, कारण शरीरात पाणी कमी असले तरी रेषा रेंगाळते. रिपोर्टमध्ये लघवीनंतरचा फोटो आहे का, हे विचारा. आणि जुना रिपोर्ट सोबत न्या: ४२ टक्क्यांचा वाटा पुढच्या वेळी ३५ वर आला असेल, तर ऑपरेशनचा विचार करायला ते मोठे कारण आहे.