नव्या वेबसाइटचे अंदाजपत्रक : आधी जुना मजकूर मोजा

ऑस्ट्रेलियाच्या हवामान विभागाने २२ ऑक्टोबर २०२५ रोजी आपली नवी वेबसाइट सुरू केली. नव्या मांडणीचा खर्च ४१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर असल्याचे लोकांना सांगितले गेले होते. महिनाभरात खरा आकडा बाहेर आला : ९ कोटी ६५ लाख डॉलर. त्यातले ७ कोटी ९८ लाख साइटच्या उभारणीवर आणि १ कोटी २६ लाख साइट सुरू करणे व सुरक्षा चाचण्या यांवर गेले होते. आधी सांगितलेला आकडा खोटा नव्हता. तो फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या भागाचा होता.

आपल्याकडच्या संस्थांच्या बाबतीत रक्कम लहान असते, चूक मात्र तीच होते. वाचनालय, शिक्षणसंस्था, सहकारी पतसंस्था किंवा एखादे नियतकालिक जुनी वेबसाइट बदलायचे ठरवते. तीन कंपन्यांकडून कोटेशन मागवले जाते आणि सर्वांत कमी आकड्यावर सही होते. त्या कोटेशनमध्ये मांडणी असते, प्रोग्रॅमिंग असते. जुन्या साइटवरचा पंधरा-वीस वर्षांचा मजकूर नव्या साइटवर कोण, कसा आणि किती पैशांत आणणार, याबद्दल एकच ओळ असते : ‘डेटा मायग्रेशन समाविष्ट’. पुढची सारी भांडणे याच ओळीतून उगवतात.

हे हिशेबाने समजून घेण्यासाठी एक उदाहरण मांडतो. त्यातली संस्था आणि आकडे उदाहरणापुरते आहेत. तालुक्याच्या गावातले एक जुने सार्वजनिक वाचनालय घ्या. साइट साधारण २००६ची. तिच्यावर ३०० माहितीपाने आहेत, ३८,००० पुस्तकांची यादी आहे आणि वाचनालयाच्या त्रैमासिकातले २,४०० लेख आहेत. एका कंपनीने नव्या साइटचे ३ लाख ८० हजार रुपये सांगितले आहेत.

पहिला खर्च पाहणीचा. तो वेगळा ठेवावा, वेगळे पैसे देऊन करून घ्यावा आणि मुख्य कोटेशन त्यानंतरच मागवावे. आपल्या वाचनालयासाठी ६०,००० रुपये धरू. पाहणी करणारा माणूस जुना डेटाबेस उघडतो आणि मोजतो : नोंदी किती, त्यांतल्या दुहेरी किती, लेख कोणकोणत्या फाँटमध्ये आहेत, चित्रे कुठे ठेवली आहेत. मराठी साइटच्या बाबतीत फाँटचा प्रश्न सर्वांत महागात पडतो.

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्री-लिपी, सुरेख, कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप होत असे. संगणकात प्रत्यक्षात साठवली जात ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फाँट त्यांना देवनागरीचा आकार देई. फाँट काढून घेतला की उरतो तो अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग, म्हणून असा मजकूर शोधयंत्रालाही सापडत नाही. तो युनिकोडमध्ये आणताना नुसते एका अक्षराजागी दुसरे ठेवून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. ‘किती’ लिहिताना जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठवला जाई, युनिकोडमध्ये ‘क’ आधी येतो. ‘सूर्य’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘य’नंतर असे, युनिकोडमध्ये ‘र्’ त्याच्या आधी असतो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र, जोडाक्षरे, चंद्रबिंदू यांचे प्रत्येक फाँटमध्ये निराळे संकेत. म्हणून फाँट तीन असतील तर रूपांतराचे तक्तेही तीन लागतात. शिवाय मराठी लेखात मधेच आलेले इंग्रजी नाव किंवा ईमेल पत्ता रूपांतरक मराठीच समजतो आणि त्याचीही देवनागरी करून टाकतो.

पाहणीत आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळते. डेटाबेसमध्ये मराठीच्या जागी `à¤®` अशी विचित्र अक्षरे दिसली, तर बहुतेक वेळा मूळ मजकूर शाबूत असतो. तो चुकीच्या संकेताने वाचला जात आहे इतकेच, आणि तो परत मिळवता येतो. पण तिथे नुसतीच `????` दिसत असतील, तर साठवतानाच अक्षरे नष्ट झाली आहेत. कोणतीही कंपनी ती परत आणू शकत नाही. छापील अंक काढून पुन्हा टाइप करणे एवढाच मार्ग उरतो. दोन्ही प्रकार पडद्यावर सारखेच बिघडलेले वाटतात, खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता मजकुराचा हिशेब करू. २,४०० लेख, सरासरी ८०० शब्द, म्हणजे १९ लाख २० हजार शब्द. रूपांतरक ते काही मिनिटांत बदलून देईल, पण वाचून तपासायचे कोणी? एक मुद्रितशोधक दिवसाला ८,००० शब्द वाचतो असे धरले, तर २४० दिवस लागतील. रोज १,२०० रुपयांप्रमाणे हा खर्च २ लाख ८८ हजार होतो. हा आकडा कागदावर आल्यावरच कार्यकारिणीला खरा निर्णय घेता येतो. समजा असे ठरले की सर्वाधिक वाचले जाणारे ४०० लेख पूर्ण तपासायचे आणि उरलेल्या २,००० मधून १०० लेख नमुन्यादाखल. आता ५० दिवस आणि ६०,००० रुपये पुरतात. नमुन्यात एकच चूक वारंवार आढळली, तर तक्ता दुरुस्त करून सगळ्या लेखांवर पुन्हा फिरवायचा. न तपासलेल्या लेखांवर ‘या मजकुरात रूपांतराच्या चुका असू शकतात, आढळल्यास कळवा’ अशी ओळ द्यायची.

पुस्तकांच्या यादीची अडचण वेगळी आहे. ‘वि. वा. शिरवाडकर’, ‘वि.वा.शिरवाडकर’, ‘शिरवाडकर वि वा’ आणि ‘कुसुमाग्रज’ या संगणकाच्या दृष्टीने चार व्यक्ती आहेत. पहिली तीन रूपे जुळवायला प्रोग्रॅम मदत करतो. चौथे त्याच लेखकाचे आहे हे ग्रंथपालालाच माहीत असते. हे काम कंपनीवर सोपवू नये. त्यासाठी ग्रंथपाल आणि एक मदतनीस यांना वेळ आणि मानधन द्यावे, ४०,००० रुपये धरू. माहितीपानांपैकी बरीचशी जुन्या कार्यक्रमांची असतात. ३०० पैकी ७० ठेवून नव्याने लिहून घेण्यासाठी आणखी ४०,०००. मजकुराचे एकूण काम झाले १ लाख ४० हजारांचे, आणि कंपनीच्या कोटेशनमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता.

कंपनीचे टप्पे असे पडतात : पाहणी ६०,०००, मांडणी १ लाख २० हजार, उभारणी २ लाख ६० हजार, डेटा स्थलांतर १ लाख ८० हजार, चाचण्या आणि साइट सुरू करणे ५०,०००. एकूण ६ लाख ७० हजार. यातला प्रत्येक टप्पा पैशांशी बांधावा, आणि ‘काम पूर्ण’ म्हणजे काय ते आधीच लिहून ठेवावे. स्थलांतराचे उदाहरण घ्या. निदान दोन रंगीत तालमी चाचणी साइटवर व्हाव्यात. जुन्या यादीतल्या ३८,००० नोंदींतून दुहेरी म्हणून वगळलेल्या वजा केल्या की उरलेला आकडा नव्या यादीशी तंतोतंत जुळला पाहिजे. ग्रंथपालाने आपल्या मनाने निवडलेल्या २०० नोंदी शब्दशः बरोबर निघाल्या पाहिजेत. हे झाल्यावरच त्या टप्प्याचा हप्ता द्यावा. केवळ तारखेप्रमाणे हप्ते दिले, तर ऐंशी टक्के पैसे जातात आणि स्थलांतर शेवटच्या आठवड्यात उरकले जाते.

साइट सुरू करण्याच्या खर्चात एक काम नावानिशी मागून घ्यावे. `article.asp?id=412` अशा प्रत्येक जुन्या पत्त्यावरून वाचकाला त्याच लेखाच्या नव्या पत्त्यावर नेणारी कायमची वळणे, ज्यांना या क्षेत्रात ‘३०१ रीडायरेक्ट’ म्हणतात. ती नसतील तर प्रबंधांत, विश्वकोशांत, इतरांच्या लेखांत दिलेले सगळे दुवे एका रात्रीत मरतात आणि शोधयंत्रात मिळवलेली जागाही जाते. सर्व जुन्या पत्त्यांची यादी पाहणीतच तयार करून घेतली, तर हे काम स्वस्तात होते. जुनी साइट बंद झाल्यावर ती यादी शोधणे अवघड जाते.

साइट सुरू झाली की हिशेब संपत नाही. आपल्या उदाहरणात होस्टिंगचे वर्षाला ३०,००० आणि देखभाल कराराचे, म्हणजे एएमसीचे, ६०,००० धरू. दोन गोष्टींत फरक करावा. कंपनीने केलेल्या चुकीची दुरुस्ती पहिले तीन महिने फुकट झाली पाहिजे. ती हमी आहे. सुरक्षा सुधारणा, बॅकअप आणि छोटे बदल हे एएमसीत येतात. महिन्याला किती तास, तक्रारीला किती वेळात उत्तर, बॅकअप प्रत्यक्ष परत चढवून पाहिला का, हे करारात असावे. हमीचा काळ संपेपर्यंत एकूण रकमेचा दहा टक्के भाग राखून ठेवावा, कारण स्थलांतरातल्या चुका वाचक वापरू लागल्यावरच दिसतात. जुनी साइट आणि तिचा डेटाबेस निदान वर्षभर जपून ठेवावा.

आता बेरीज. कंपनी ६ लाख ७० हजार, मजकूर १ लाख ४० हजार, पहिल्या वर्षाची देखभाल व होस्टिंग ९० हजार, मिळून ९ लाख. अनपेक्षित गोष्टींसाठी दहा टक्के, म्हणजे ९० हजार. कंपनीच्या आणि देखभालीच्या ७ लाख ६० हजारांवर १८ टक्के जीएसटी, १ लाख ३६ हजार ८००. एकूण ११ लाख २६ हजार ८०० रुपये. संस्था जीएसटीखाली नोंदलेली नसेल, तर कराची ही रक्कम परत मिळत नाही. सुरुवातीचे ३ लाख ८० हजार हे यातले केवळ मांडणी आणि उभारणीचे पैसे होते, एकूण खर्चाचा जेमतेम एक तृतीयांश.

एवढे पैसे नसतील तर? मग काम कमी करावे, तपासणी कमी करू नये. मांडणी तयार नमुन्यावर बेतली तर लाखभर रुपये वाचू शकतात. लेख टप्प्याटप्प्याने आणता येतात : यंदा पुस्तकांची यादी आणि ४०० लेख, उरलेले पुढच्या वर्षी. तोवर जुनी साइट वाचण्यापुरती चालू ठेवता येते. स्थलांतराची तालीम गाळून वाचवलेले पैसे मात्र पुढे दुरुस्तीत जातात आणि ती दुरुस्ती पुरी होईलच असे नाही.

आपल्या संस्थेची साइट बदलायची असेल, तर कोटेशन मागवण्याआधी तीन गोष्टी करा. डोमेन संस्थेच्याच नावावर नोंदलेले आहे का ते तपासा. ते जुन्या कंपनीच्या नावावर असेल, तर पहिल्यांदा संस्थेकडे वळवून घ्या. डेटाबेसची पूर्ण प्रत आपल्या हातात घ्या. आणि नोंदी, लेख व फाँट मोजून एका कागदावर लिहा. तो कागद सर्व कंपन्यांना द्या आणि त्यावरच दर मागा. मग तिन्ही कोटेशन एकाच कामाची असतील आणि त्यांची तुलना करता येईल.