दहा संघ, पंचेचाळीस जोड्या

२०२३चा एकदिवसीय विश्वचषक भारतात झाला तेव्हा दहा संघ होते आणि प्रत्येक संघ उरलेल्या नऊ संघांशी एकेकदा खेळला. भारताने साखळीतले नऊच्या नऊ सामने जिंकले, हे सर्वांच्या लक्षात आहे. पण त्या साखळीत एकूण सामने किती झाले असे विचारले, तर अनेकजण चटकन उत्तर देतात : दहा संघ, प्रत्येकाचे नऊ सामने, म्हणजे नव्वद. झाले मात्र पंचेचाळीस.

नव्वद हा आकडा निरर्थक नाही, तो फक्त वेगळीच गोष्ट मोजतो. भारताच्या यादीत नऊ सामने आहेत आणि त्यांपैकी एक न्यूझीलंडविरुद्धचा, धर्मशाळेतला. न्यूझीलंडच्या यादीतही नऊ सामने आहेत आणि त्यांपैकी एक भारताविरुद्धचा. सामना एकच, पण तो दोन याद्यांत लिहिला गेला. प्रत्येक सामन्याचे असेच होते, कारण सामन्याला दोन संघ लागतात. म्हणून सगळ्या याद्यांची बेरीज करायची आणि तिचे निम्मे करायचे. संघांची संख्या n धरली, तर एकेकदा गाठ पडणाऱ्या साखळीत n × (n − 1) ÷ 2 सामने होतात.

हे सूत्र विसरले तरी बिघडत नाही. संघ एका ओळीत उभे आहेत असे समजा. पहिल्याने उरलेल्या नऊ जणांशी खेळून घेतले. दुसऱ्याचा पहिल्याशी सामना झालेलाच आहे, त्यामुळे त्याचे नवे सामने आठ. तिसऱ्याचे सात. असे उतरत एकापर्यंत या आणि बेरीज करा : नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. पंचेचाळीसच येतात. या रीतीने आणखी एक गोष्ट कळते. दहा संघांच्या स्पर्धेत अकरावा संघ घेतला, तर एकच सामना वाढत नाही, दहा वाढतात. ‘अजून एका संघाला घेऊ या की’ असे म्हणणाऱ्या आयोजकाने मैदानाचे दिवस आधी मोजलेले बरे.

प्रत्येक जोडी दोनदा भेटणार असेल, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा समोरच्याच्या, तर निम्मे करायची गरज उरत नाही. मुंबईत चेन्नईविरुद्ध आणि चेन्नईत मुंबईविरुद्ध हे खरोखरच दोन वेगळे सामने असतात. २००८च्या पहिल्या आयपीएलमध्ये आठ संघ होते, म्हणून साखळीचे सामने आठ गुणिले सात, म्हणजे छप्पन ठरले आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला चौदा आले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघ असतात, तिथे वीस गुणिले एकोणीस, म्हणजे तीनशे ऐंशी. उपांत्य आणि अंतिम फेरीचे सामने या हिशेबात धरायचे नसतात, ते शेवटी वेगळे मिळवायचे. २०२३च्या विश्वचषकात पंचेचाळीसमध्ये तीन मिळवून अठ्ठेचाळीस झाले.

खरी गंमत आयपीएलमध्ये दहा संघ झाल्यावर आली. प्रत्येक जोडी दोनदा खेळवायची, तर साखळीतच नव्वद सामने होतात. तेवढे दिवस हाताशी नव्हते. एकेकदाच खेळवायचे, तर पंचेचाळीस होतात आणि हंगाम फार तोकडा राहतो. २०११मध्ये आणि पुढे २०२२मध्ये मधला मार्ग निघाला : प्रत्येक संघाचे सामने पूर्वीसारखे चौदाच ठेवायचे. दहा गुणिले चौदा म्हणजे एकशे चाळीस, त्याचे निम्मे सत्तर.

आता जोड्या आहेत पंचेचाळीस आणि सामने सत्तर. एकेकदा सगळ्यांची गाठ पडली की पंचेचाळीस संपतात आणि पंचवीस उरतात. म्हणजे पंचवीस जोड्या दोनदा भेटणार, उरलेल्या वीस एकदाच. दोनदा भेटणाऱ्या या पंचवीस जोड्या कशा निवडायच्या?

२०२२मध्ये पाच-पाच संघांचे दोन गट केले गेले. पाच संघांत दहा जोड्या होतात, म्हणून दोन गटांच्या मिळून वीस. गटातल्या या सगळ्या जोड्या दोनदा खेळल्या. आणखी पाच जोड्या हव्या होत्या. त्यासाठी दोन्ही गटांतले समान क्रमांकाचे संघ एकमेकांसमोर मांडले गेले. मुंबई आणि चेन्नई वेगवेगळ्या गटांत असूनही दोनदा खेळले ते या मांडणीमुळे. वीस आणि पाच मिळून पंचवीस झाल्या.

पुढच्याच वर्षी, २०२३मध्ये, मांडणी उलटी केली. आपल्या गटातल्या चौघांशी एकदाच आणि समोरच्या गटातल्या पाचही जणांशी दोनदा. एका गटातले पाच आणि दुसऱ्यातले पाच यांच्या जोड्या पाच गुणिले पाच, म्हणजे बरोबर पंचवीस. एकूण पुन्हा सत्तरच. माझ्या मते ही दुसरी रीत अधिक देखणी आहे, कारण तिच्यात अपवाद म्हणून कुठली जोडी वेगळी जोडावी लागत नाही. मात्र दोन्ही रीतींत एक उणीव राहते : सगळ्या संघांसमोरचे आव्हान सारखे नसते. कुणाला तगड्या संघाशी दोनदा झुंजावे लागते, कुणाला एकदाच. एकेरी किंवा दुहेरी पूर्ण साखळीत हा प्रश्न उद्भवत नाही.

सामने बरोबर मोजले की गुणतक्ताही तपासता येतो. क्रिकेटमध्ये विजयाला दोन गुण, सामना पावसात वाहून गेला तर दोघांना एकेक. म्हणजे निकाल काहीही लागो, एका सामन्यातून दोनच गुण वाटले जातात. पंचेचाळीस सामन्यांचे नव्वद गुण झालेच पाहिजेत. २०२३चा तक्ता बेरजेला घ्या : भारत १८, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया प्रत्येकी १४, न्यूझीलंड १०, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान ८-८, इंग्लंड ६, बांगलादेश, श्रीलंका आणि नेदरलँड्स ४-४. बेरीज नव्वद. २०१९च्या विश्वचषकातही दहाच संघ होते आणि चार सामने पावसाने धुऊन नेले. तिथे सगळ्या संघांच्या विजयांची बेरीज एक्केचाळीस भरते, गुणांची मात्र नव्वदच. गावच्या स्पर्धेत फळ्यावर गुण लिहिणाऱ्याला रोज संध्याकाळी हा ताळा करता येईल. झालेल्या सामन्यांची दुप्पट आणि गुणांची बेरीज जुळली नाही, तर कुठेतरी नोंद चुकली आहे. जुळली तरी एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर पडलेले असू शकतात, ती चूक या ताळ्याने सापडत नाही.

फुटबॉलमध्ये हाच ताळा थोडा बदलावा लागतो. तिथे विजयाला तीन गुण आणि बरोबरीत दोघांना एकेक, म्हणजे बरोबरीच्या सामन्यातून एक गुण कमी वाटला जातो. म्हणून सामन्यांची तिप्पट करायची आणि तीतून बरोबरीचे सामने वजा करायचे. प्रो कबड्डीत २०२४च्या हंगामापर्यंत थोडक्यात हरलेल्या संघालाही एक गुण मिळत असे, त्यामुळे तिथे गुणांचा ताळा सोडून द्यावा लागे आणि विजयांची बेरीज पराभवांच्या बेरजेइतकी आहे ना, एवढे पाहावे लागे.

निम्मे करण्याच्या या नियमातून एक मर्यादाही निघते. नऊ संघ असतील आणि कुणी म्हणाले की प्रत्येकाला पंधरा-पंधरा सामने देऊ, तर ते कोणत्याच वेळापत्रकात बसणार नाही. नऊ गुणिले पंधरा म्हणजे एकशे पस्तीस आणि त्याचे निम्मे साडेसदुसष्ट. २०१२मध्ये आयपीएलचे नऊ संघ होते, तेव्हा प्रत्येकाला सोळा सामने मिळाले आणि साखळी बहात्तर सामन्यांची झाली. संघ विषम असले की सगळ्यांना सारखेच सामने द्यायचे तर प्रत्येकाचे सामने समच असावे लागतात. शिवाय एका वेळी सगळे संघ मैदानात उतरू शकत नाहीत, प्रत्येक फेरीत एकाला बसून राहावे लागते. १९९२च्या विश्वचषकातही नऊच संघ होते. त्यांचे छत्तीस सामने एका फेरीत चार या हिशेबाने मांडले, तर आठ नव्हे, नऊ फेऱ्या लागतात.