शांत सूर्याचा ताप

कॉंकॉर्डच्या कॉकपिटमध्ये किरणोत्सार मोजणारं एक मीटर होतं. वैमानिकांना हे कशाला, हा प्रश्न वर्षानुवर्षं माझ्या डोक्यात घोळत होता. कॉंकॉर्ड १८ किलोमीटरवरून उडायचं, साध्या जेटच्या जवळजवळ दीडपट उंचीवरून. तिथे विश्वकिरण अडवणारं डोक्यावरच्या हवेचं पांघरूण विरळ असतं. त्यामुळे ताशी मात्रा साध्या विमानाच्या दुपटीच्या आसपास जायची, पण अटलांटिक साडेतीन तासांत पार होत असल्याने फेरीमागची मात्रा जवळपास तेवढीच राहायची. मग मीटर कशासाठी? सूर्यावर अचानक स्फोट झाला, तर काटा चढताच विमान खाली आणता यावं म्हणून.

म्हणजे खवळलेला सूर्य घातक आणि शांत सूर्य बरा, असं कुणालाही वाटेल. ते अर्धंच खरं आहे, हे दाखवलं अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ स्कॉट फोरबुशने. या माणसाचं नाव पाठ्यपुस्तकांत फारसं येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

१९२९ मध्ये ‘कार्नेगी’ हे संशोधनजहाज सामोआतल्या आपिया बंदरात स्फोटात जळालं, कप्तान दगावला. जहाजावरचा फोरबुश त्यातून वाचला. पुढे अमेरिका, पेरू, न्यूझीलंड अशा दूरदूरच्या ठिकाणच्या विश्वकिरणमापकांच्या नोंदी त्याच्या टेबलावर येऊ लागल्या. आर्गॉन वायूने भरलेला पोलादी गोळा, भोवती शिशाच्या छर्‍यांचा थर, आणि फोटोच्या कागदावर उमटत जाणारी रेघ. हवेचा दाब वाढला की गणती घटते, म्हणून आधी तो परिणाम वजा करायचा. एप्रिल १९३७ मधल्या चुंबकीय वादळात दूरदूरच्या केंद्रांवर रेघ एकाच वेळी खाली आली. स्थानिक हवामानाने असं होणं शक्यच नव्हतं. १९५४ मध्ये त्याने पंधराएक वर्षांच्या नोंदी मांडल्या: सौरडाग वाढतात तेव्हा विश्वकिरण घटतात.

कारण आता ठाऊक आहे. सूर्य जोमात असला की त्याच्या वार्‍याबरोबर पसरणारं चुंबकीय क्षेत्र बळकट आणि विस्कळीत होतं, आणि दीर्घिकेतून येणारे कण त्यात अडतात. सूर्य निवला की वाट मोकळी होते. म्हणून विमान कर्मचार्‍यांची रोजची मात्रा शांत सूर्याच्या काळात जास्त भरते, ध्रुवाजवळच्या मार्गांवर तर अधिकच, कारण पृथ्वीचं चुंबकीय कवच तिथे कमी अडवतं. मुंबई-सिंगापूरपेक्षा उत्तर ध्रुवाजवळून अमेरिकेला जाणार्‍या फेरीत मात्रा जास्त मिळते, ती नुसती तास वाढतात म्हणून नव्हे.

स्फोटाचा मामला निराळा. फेब्रुवारी १९४२ मध्ये फोरबुशच्याच रेघेने उलटी उडी घेतली. सूर्य स्वतःच कण फेकतो, हे पुढे स्पष्ट झालं. अंतराळवीरांचा पेच इथेच आहे. अंतराळस्थानकावर रोज सुमारे अर्धा मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते, तीही पृथ्वीच्या चुंबकीय छायेत. चंद्राच्या वाटेवर ती छाया नाही. तिथे सौरकणांपासून सामानाच्या जाड आडोशाने बर्‍यापैकी बचाव होतो. दीर्घिकेतले कण मात्र इतके वेगवान, की पातळ धातूवर आदळून ते आणखी कण उडवतात. त्यामुळे लांबच्या मोहिमेला सूर्य जोमात असलेला काळ निवडावा, असं मानणारे तज्ज्ञ आहेत. मला त्यांचं पटतं, फक्त ऑगस्ट १९७२ आठवतो: अपोलो १६ परतून काही महिने झाले होते, अपोलो १७ निघायचं होतं, आणि मधल्या त्या फटीत सूर्याने प्रचंड कणवादळ सोडलं.