बंद पडलेल्या सॉफ्टवेअरची वसुली

‘९९.९ टक्के अपटाइम’ असं लिहून देणारी सॉफ्टवेअर कंपनी महिन्यातून किती वेळ बंद पडू शकते? तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. त्यांचा हजारावा भाग म्हणजे जेमतेम ४३ मिनिटं. सेवा त्याहून जास्त वेळ बंद राहिली, तर बिलाचा काही भाग ग्राहकाला सोडून द्यायचा, असं करारातल्या एसएलए नावाच्या भागात लिहिलेलं असतं. या सवलतीला सर्व्हिस क्रेडिट म्हणतात. बहुतेक वेळा ती आपणहून मिळत नाही, ईमेल पाठवून मागावी लागते.

मागायलाही मुदत असते. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवांबाबत सर्वसाधारणपणे घटना घडली त्याच्या पुढच्या महिन्याअखेरपर्यंत दावा पोहोचावा लागतो. ॲमेझॉनच्या क्लाउड सर्व्हरसाठी घटनेनंतरचं दुसरं बिलिंग चक्र संपेपर्यंत वेळ मिळतो, पण सपोर्ट सेंटरमध्ये उघडलेल्या केसच्या विषयात `SLA Credit Request` हे शब्द आणि सोबत बिघाडाच्या नोंदी लागतात. मुदत हुकली की दावा बुडाला.

एक उदाहरण घेऊ. एका औषध वितरकाचं बिलिंग क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरवर चालतं. त्याचं भाडं महिना ६०,००० रुपये. करारानुसार अपटाइम ९९.९ टक्क्यांखाली गेला तर दहा टक्के आणि ९९ टक्क्यांखाली गेला तर पंचवीस टक्के क्रेडिट. मे महिन्यात सेवा ४० मिनिटं बंद पडली, जूनमध्ये चार वेळा. वितरकाचा अकाउंटंट वैतागून दोन्ही महिन्यांची बेरीज करायला बसतो, पण ती चालत नाही, कारण या करारात हिशेब महिन्यागणिक होतो. मेची ४० मिनिटं मुभेत बसतात, त्यामुळे तो महिना सोडून द्यावा लागतो.

जूनमधली एक घटनाही वगळावी लागते. १३ तारखेला पहाटे तासभर सेवा बंद होती, पण ती देखभाल आधी कळवलेली होती आणि अशी देखभाल करारात मोजली जात नाही. उरलेल्या तीन घटनांवर ईमेल उभी राहते. ती इंग्रजीतच जाते; तिचा मजकूर साधारण असा:

> विषय: जून महिन्याच्या सर्व्हिस क्रेडिटची मागणी
>
> महोदय,
> आमच्या खात्यावरची बिलिंग सेवा जूनमध्ये पुढील वेळी पूर्ण बंद होती. सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार आहेत.
>
> ४ जून, सकाळी १०.१२ ते १०.५०: ३८ मिनिटं
> १९ जून, संध्याकाळी ५.०५ ते ६.२७: ८२ मिनिटं
> २७ जून, सकाळी ११.४० ते दुपारी १२.१०: ३० मिनिटं
>
> एकूण १५० मिनिटं. १३ जूनची पूर्वसूचित देखभाल यात धरलेली नाही. त्यानुसार अपटाइम ९९.६५ टक्के येतो. करारातील तरतुदीप्रमाणे मासिक शुल्काच्या दहा टक्के, म्हणजे ६,००० रुपये, पुढील बिलात वजा करावेत. तक्रार क्रमांक, स्क्रीनशॉट आणि बिघाडाच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. दावा मिळाल्याची पोच द्यावी.

या मजकुरात बुडालेल्या धंद्याचा, ताटकळलेल्या गिऱ्हाइकांचा उल्लेख नाही. क्रेडिट बंद मिनिटांवर ठरतं, नुकसानीवर नाही. प्रमाणवेळ लिहिण्यालाही कारण आहे. बऱ्याच कंपन्यांच्या नोंदी जागतिक वेळेत असतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालते. १ जुलैला पहाटे तीनला झालेला बिघाड तिथे ३० जूनच्या रात्री साडेनऊला पडतो आणि महिनाच बदलतो.

पुराव्यात स्क्रीनशॉटपेक्षा त्याच वेळी नोंदवलेली तक्रार जास्त उपयोगी पडते, कारण तिची वेळ कंपनीच्याच यंत्रणेत उमटलेली असते. सर्व्हरने परत पाठवलेला `503` हा एरर कोड दिसत असेल तर आणखी बरं; विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली आणि नकार तिकडून आला, हे त्यातून कळतं. नाहीतर ‘तुमचंच इंटरनेट गेलं असेल’ हे उत्तर ठरलेलं.

दुसरं नेहमीचं उत्तर म्हणजे, ‘२७ तारखेला सेवा बंद नव्हती, फक्त मंद होती.’ कराराच्या व्याख्येत मंदपणा बसत नसेल तर हा मुद्दा टिकतोही. पण त्यावर हुज्जत घालण्याआधी बेरीज पुन्हा करावी. ती ३० मिनिटं सोडली तरी १२० उरतात आणि अपटाइम ९९.७२ टक्के येतो. क्रेडिट तेवढंच, ६,००० रुपये. तेव्हा वितरकाने ती घटना वादापुरती सोडून द्यावी आणि उरलेल्या दोन घटनांवर दावा मंजूर करून घ्यावा.

पंचवीस टक्क्यांचा टप्पा गाठायला त्या महिन्यात ४३२ मिनिटांहून जास्त, म्हणजे सात तासांवर बंद लागला असता. शिवाय मिळालेलं क्रेडिट सहसा रोख नसतं आणि ‘हीच एकमेव भरपाई’ असं कलम बहुतेक करारांत असतं. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी जाणते ग्राहक क्रेडिटची टक्केवारी वाढवून मागण्याऐवजी वेगळं कलम घालून घेतात: सलग तीन महिने अपटाइम पाळला नाही, तर दंड न भरता करार मोडता यावा आणि आगाऊ भरलेलं उरलेलं भाडं परत मिळावं. मंजूर झालेला प्रत्येक दावा तेव्हा त्या तीन महिन्यांच्या मोजणीत कंपनीच्याच कबुलीसारखा वापरता येतो.