विश्लेषण : टॉवेल कडक का होतो, पाणी टिपणे का थांबवतो?

नवा असताना मऊ असलेला टॉवेल काही महिन्यांत पापडासारखा कडक होतो, किंवा अंग पुसताना पाणी टिपण्याऐवजी नुसते पसरवतो. या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

लूप कसे तयार होतात?

सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. टेरी विणताना मागावर उभ्या धाग्यांचे दोन संच असतात, एक ताणलेला आणि एक सैल. साधारण तीन आडवे धागे टाकून झाले की फणी ते एकदम पुढे ढकलते. तेव्हा सैल धागा वर उचलला जाऊन लूप तयार होतो. लूपमुळे पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो आणि धाग्यांमधल्या बारीक पोकळ्या पाणी ओढून घेतात.

जीएसएम म्हणजे काय?

एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल १.१२५ चौरस मीटर भरतो. तो काट्यावर ४५० ग्रॅम भरला तर जीएसएम ४००. जास्त जीएसएमचा टॉवेल एकूण पाणी जास्त धरतो, पण वाळायला वेळ घेतो. पावसाळ्यात त्याला कुबट वास लवकर येतो.

बिघडते कुठे?

कोरड्या टॉवेलवर पाण्याचा थेंब टाका. तो मण्यासारखा वरच राहिला तर धाग्यावर तेलकट थर आहे. फॅब्रिक सॉफ्टनर हा थर मुद्दाम चढवतो. नव्या टॉवेलवरही कारखान्यातला असा थर असू शकतो.

थेंब लगेच मुरला, तरी टॉवेल कडक आहे? मग तो हातांनी चोळून पाहा. मऊ झाला तर दोष वाळवण्याचा. न हलता वाळताना सुती तंतूंवर उरलेले थोडेसे पाणी शेजारचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवते. जपानमधील काओ कंपनी आणि होक्काइदो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये तंतूंवरील अशा पाण्याचे प्रत्यक्ष पुरावे मांडले. चोळूनही कडकपणा गेला नाही, तर बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार आणि साबण लुपांत साठल्याची शक्यता जास्त.

उपाय काय?

तेलकट थर असेल तर सॉफ्टनर बंद करून टॉवेल गरम पाण्यात डिटर्जंटने एक-दोनदा धुवा. क्षार असतील तर पावडर कमी करा, एकदा जास्त खंगाळा आणि शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घाला. ते ब्लीचसोबत कधीही वापरू नका, विषारी वायू तयार होतो. वाळत घालण्यापूर्वी आणि वाळल्यावर टॉवेल जोरात झटका.

लूप झिजून विरळ झाले असतील, तर मात्र यातला कोणताच उपाय चालत नाही.