रिफ्रेशनंतरचा ताळमेळ
डॅशबोर्ड रिफ्रेश झाला की टॅलीतल्या विक्री खात्याची त्याच महिन्याची बेरीज शेजारी मांडावी. समजा, जूनची विक्री डॅशबोर्डवर 12,40,000 रुपये दिसते आणि खात्यात 12,22,000. फरक 18,000. एक लाखावरचा 18 टक्के जीएसटी बरोबर एवढाच होतो. तेव्हा एखादं लाखाचं बिल करासकट मोजलं गेलंय का, ते आधी पाहावं. विक्री खात्यात कर धरलेला नसतो. तसं बिल सापडलं नाही, तर मागच्या तारखेची क्रेडिट नोट शोधावी. रिफ्रेश फक्त अलीकडचे दिवस ओढत असेल, तर ती डॅशबोर्डपर्यंत पोचतच नाही. प्रत्येक रिफ्रेशनंतर पाहिलं, तर कालपासून टाकलेल्या नोंदीच चाळाव्या लागतात. बेरीज जुळली तरी बिलांची संख्याही पडताळावी; दोन उलट चुका एकमेकींना झाकतात.