कळ थांबली, पण खडा पडला का?

मुतखड्याची कळ अनेकदा रोग्याच्या हालचालीवरूनच ओळखू येते. अपेंडिक्स फुटलेला माणूस हललं की दुखतं म्हणून निपचित पडून राहतो. मुतखडेवाल्याला पलंगावर चैन पडत नाही. तो येरझाऱ्या घालतो, ओणवा होतो, ओकतो. बरगडीखाली पाठीत उठलेली कळ कुशीतून जांघेत उतरते. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आला की सारखी लघवीला लागते आणि थेंबथेंबच होते.

ही कळ मुख्यतः खडा टोचल्याची नसते. मूत्रनलिका अडली की वर लघवी तुंबते आणि मूत्रपिंड आतून ताणलं जातं. म्हणून ऐन कळेत तांब्यामागून तांब्या पाणी पिऊन खडा पुढे सरकत नाही. डायक्लोफेनॅकसारखं औषध हा आतला दाब उतरवतं, मात्र मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर ते टाळावं लागतं.

चाळिशीतल्या एका माणसाचं उदाहरण घेऊ. सोनोग्राफीचा रिपोर्ट येतो, ‘उजव्या किडनीला सूज, खडा दिसत नाही.’ घरच्यांना हायसं वाटतं, पण ते चूक आहे. नलिकेचा मधला भाग आतड्यातल्या हवेमागे दडतो, तिथला खडा सोनोग्राफीला सहसा सापडत नाही. सूज हीच अडथळ्याची खूण. म्हणून कमी किरणांचा साधा सीटी स्कॅन होतो आणि नलिकेच्या खालच्या टोकाला 7 मिलिमीटरचा खडा दिसतो. (गरोदर बाईची तपासणी मात्र आधी सोनोग्राफीनेच करतात.)

5 मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडतात, 10 च्या वरचे क्वचितच. हा 7 चा, त्यात खाली पोचलेला. ताप नाही, रक्तातलं क्रिएटिनिन ठीक, दुखणं गोळीने आवरतंय. अशा वेळी टॅमसुलोसिन देऊन चार ते सहा आठवडे वाट पाहणं योग्यच.

तिसऱ्या आठवड्यात दुखणं थांबतं आणि माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. खरा धोका इथे आहे. अडथळा लांबला की मूत्रपिंड लघवी कमी बनवतं, दाब उतरतो, कळ जाते, खडा मात्र तिथेच असतो आणि मूत्रपिंड मुकाट्याने खराब होत जातं. खडा पडताना हाती लागला नसेल तर तपासणी पुन्हा हवीच. सूज कायम असेल तर लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेझरने खडा फोडतात.

काही वेळा मात्र एक दिवसही थांबायचं नसतं. खड्यासोबत थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, एकच मूत्रपिंड असून तेच अडलं, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावं. तापात आधी खडा काढत नाहीत. स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून तुंबलेली लघवी मोकळी करतात, जंतुसंसर्ग आटोक्यात आला की मग खड्याकडे वळतात. तो स्टेंट काढायची तारीख लिहून घ्यावी, कारण महिनोन्‌महिने आत राहिलेल्या स्टेंटवरच नवे खडे चढतात.